शिक्षकाचे वार्षिक स्वयंमूल्यमापन: दावा, वही आणि शेरा यांची सांगड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मार्च उजाडला की शिक्षकांच्या खोलीत स्वयंमूल्यमापनाचा नमुना फिरू लागतो आणि गेल्या वर्षीची प्रत कोणाकडे आहे याची शोधाशोध सुरू होते. खालचे प्रश्न त्याच दिवसांत विचारले जातात. उत्तरं देताना एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: प्राथमिक शाळेतला चौथीचा वर्ग आणि हातच्याची वजाबाकी. त्यातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण मुलांच्या चुका अगदी खऱ्या आहेत. चौथीला शिकवणाऱ्या कोणालाही त्या ओळखीच्या वाटतील.

स्वयंमूल्यमापन म्हणजे गोपनीय अहवालच ना?

नाही, ते त्याच्या आधीचं पाऊल आहे. स्वयंमूल्यमापन तुम्ही लिहिता आणि गोपनीय अहवाल तुमच्याबद्दल मुख्याध्यापक किंवा वरिष्ठ लिहितात. खाजगी शाळांसाठीच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत शिक्षकाने ठरलेल्या नमुन्यात स्वतःच्या कामाचं मूल्यनिर्धारण देण्याची तरतूद आहे. एनसीईआरटीने 2013 मध्ये प्राथमिक स्तरासाठी ‘पिंडिक्स’ नावाची निर्देशकांची चौकट दिली. तिच्यात अध्ययन अनुभवांच्या आखणीपासून उपस्थितीपर्यंत सात मानकं आहेत आणि प्रत्येकावर शिक्षकाने चार पातळ्यांपैकी आपली पातळी ठरवायची असते. नमुना कोणताही असो, त्यात कुठेतरी एक मोकळी जागा असतेच: ‘वर्षभरातील कामाबद्दल थोडक्यात लिहा’. हे पान त्या मोकळ्या जागेबद्दल आहे.

अहवाल लिहिणाऱ्या माणसाच्या जागी बसून पाहिलं की या जागेची किंमत कळते. मुख्याध्यापकांनी तुमचा वर्ग वर्षातून दोन-तीनदा पाहिलेला असतो. बाकी वर्ष तुम्ही काय केलंत हे त्यांना या निवेदनातूनच कळतं. तुमचं वाक्य पडताळता येण्यासारखं असेल तर ते जवळपास तसंच्या तसं त्यांच्या अहवालात उतरतं. पडताळता येत नसेल तर ते ‘काम समाधानकारक’ एवढं लिहून मोकळे होतात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

‘मी विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी सतत प्रयत्नशील असतो’ असं लिहिलं तर काय बिघडतं?

बिघडत काहीच नाही, पण साधतही काही नाही. हे वाक्य शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांच्या कागदावर ठेवलं तरी चालतं, पुढच्या वर्षीही चालतं आणि दुसऱ्या जिल्ह्यातही चालतं. ‘ज्ञानरचनावादी पद्धतीने अध्यापन केले’, ‘विविध उपक्रम राबविले’, ‘तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर केला’ ही सगळी त्याच जातीची वाक्यं.

एक साधी परीक्षा घेऊन पाहा. वाक्य वाचून मुख्याध्यापक ‘दाखवा बरं’ म्हणाले, तर तुम्ही उठून कपाटातून काय काढाल? काही काढता येत असेल तर तो दावा. नसेल तर वाक्य खोडा, किंवा त्याच्या पोटात दडलेली खरी गोष्ट शोधून ती लिहा. ‘तंत्रज्ञानाचा वापर’ म्हणजे मोबाइलवर कविता ऐकवली असेल तर तसंच लिहा. कोणती कविता, किती वेळा ऐकवली आणि त्यानंतर मुलांच्या वाचनात काय बदललं हेही सांगा. काही बदललेलं दिसत नसेल तर तो मुद्दा निवेदनात आणण्याचं कारणच उरत नाही.

मग दावा नेमका कसा लिहायचा?

दाव्यात चार गोष्टी हव्यात: कोणती मुलं, नेमकं कौशल्य कोणतं, कधीपासून कधीपर्यंत, आणि त्यासाठी तुम्ही वेगळं काय केलंत. यातली शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. मुलं चौथीत आली आणि वर्षाअखेरीस जास्त हुशार झाली, यात नुसत्या वयाचाही वाटा असतो. तुमच्या कामाचा वाटा दिसायला हवा असेल तर तुमची कृती आणि मुलांमधला बदल शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

‘गणितात प्रगती झाली’ हा दावा फार रुंद आहे. ‘हातच्याची वजाबाकी सुधारली’ बरा आहे. ‘एककातून वजा होत नसेल तर उलटं वजा करण्याची सवय नऊ मुलांची सुटली, मधे शून्य असलेली उदाहरणं मात्र पाच जणांना अजून जमत नाहीत’ हा चांगला दावा. तो लहान आहे, पण टिकतो. पुरावा जेवढा रुंद तेवढाच दावा रुंद ठेवायचा, या सगळ्या लिखाणाचं गणित एवढंच आहे.

वर्षभरात एवढं काम केलं. मग दावे किती लिहू?

आठ-दहा दाव्यांना पुरावा गोळा करायला कोणाला वेळ आहे? तीन दावे पुरेसे आहेत. एक मुलांच्या शिकण्याबद्दल, एक तुमच्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आणि एक शाळा किंवा पालकांबरोबरच्या कामाबद्दल. बाकी कामांची यादी नमुन्यातल्या तक्त्यांत जातेच.

मुलांचं काम पुरावा म्हणून जोडायचं तर कोणाची वही निवडू?

सर्वात स्वच्छ अक्षराच्या मुलीची वही निवडण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण त्या वहीवरून फक्त तिचं अक्षर सिद्ध होतं. जी मुलगी जुलैतही बरोबर सोडवत होती, ती जानेवारीत बरोबर सोडवते यात तुमचं काय?

निवड वर्षाच्या सुरुवातीला करून ठेवा, निकाल कळण्याआधी. जुलैतल्या चाचणीवरून वर्गाचे तीन गट दिसतात: जमणारे, अर्धवट जमणारे, न जमणारे. प्रत्येक गटातून एक हजेरी क्रमांक ठरवा आणि तो आपल्या टाचणवहीत तारखेसह लिहून ठेवा. वर्षाअखेरीस त्याच तीन वह्या काढायच्या. तिसऱ्या गटातल्या मुलाची फारशी प्रगती झाली नसेल तरी त्याचीच वही जोडायची. मग वाचणाऱ्याला कळतं की वह्या निवडून आणलेल्या नाहीत, आणि उरलेल्या दोघांच्या वह्यांवरही त्याचा विश्वास बसतो.

दुसरं, फळ्यावरून उतरवलेलं काम पुरावा होत नाही. अशी पानं ओळखू येतात: सगळ्यांची उत्तरं बरोबर, मांडणी सारखी, खाडाखोड नाही आणि खाली लाल बरोबरच्या खुणांची रांग. कोणताही केंद्रप्रमुख दोन वह्या शेजारी धरून हे अर्ध्या मिनिटात ओळखतो. ज्या पानावर मुलाने चूक केली आहे, तुम्ही काहीतरी लिहिलं आहे आणि त्यानंतर मुलाने ती चूक स्वतः दुरुस्त केली आहे, असं एक पान असल्या दहा पानांना भारी पडतं. तुमची लेखी सूचनाही पाहा. ‘पुन्हा सोडव’ ही सूचना नाही. ‘एककाच्या घरात 2 आहेत, 8 कसे देणार? दशकाकडून मागून बघ’ ही सूचना आहे.

एक दावा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

दाखवू. इयत्ता चौथी, पट 26. जुलैत हातच्याच्या वजाबाकीची दहा उदाहरणांची चाचणी घ्यायची आहे.

इथे पहिली खोच उदाहरणं निवडण्यात आहे. समजा तुम्ही 52 − 27 दिलं. बरोबर उत्तर 25. एका मुलाने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, म्हणजे 7 मधून 2 आणि 5 मधून 2. त्याचं उत्तर आलं 35. दुसऱ्याने दशक सुटा केला, 12 मधून 7 नीट वजा केले, पण दशकाच्या घरातला 5 कमी करून 4 करायला विसरला. त्याचंही उत्तर 35. दोन अगदी वेगळ्या अडचणी आणि उत्तर एकच. पेपर तपासताना तुम्हाला काहीच कळणार नाही. एककांतला फरक पाचाचा असला की असं होतं.

आता 52 − 28 द्या. बरोबर उत्तर 24. उलटं वजा करणाऱ्याचं उत्तर 36 येतं आणि दशक कमी करायला विसरणाऱ्याचं 34. चाचणी तेवढीच, मेहनत तेवढीच, पण आता प्रत्येक चुकीचं उत्तर तुमच्याशी बोलतं. मधे शून्य असलेल्या 502 − 278 मध्येही तसंच. बरोबर उत्तर 224. उलटं वजा करणारा 376 लिहितो. शून्याचे परस्पर 9 करून शतक तसंच ठेवणारा 324 लिहितो. शतकाकडून दशक घेतो पण एककाला दिलेला दशक कमी करत नाही, तो 234 लिहितो.

जुलैतल्या चाचणीत दहापैकी निदान सहा बरोबर असणं ही रेषा धरली. ही रेषा आधी ठरवा. निकाल पाहून रेषा सरकवायची नाही. चुका मोजल्या तेव्हा दिसलं की उलटं वजा करणारी मुलंच सर्वात जास्त आहेत. म्हणजे त्यांना रीत आठवत नाही एवढाच प्रश्न नव्हता. 52 म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे हेच डोळ्यांसमोर येत नव्हतं. म्हणून ऑगस्टपासून आठवड्यातले दोन तास दहा-दहा काड्यांच्या गठ्ठ्यांवर गेले. 28 काड्या द्यायच्या आहेत, सुट्या फक्त दोनच आहेत, तर एका गठ्ठ्याचं रबर काढावंच लागतं. रबर काढलं की समोर चारच गठ्ठे उरतात, आणि हे मुलाला सांगावं लागत नाही. महिनाभर प्रत्येक उदाहरण काड्यांनी करून शेजारीच वहीत लिहायचं, पुढे काड्या बाजूला ठेवून नुसती चित्रं काढायची, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर फक्त अंक.

जानेवारीत तशाच दहा उदाहरणांची चाचणी घेतली. अंक वेगळे, पण चुका वेगळ्या दिसाव्यात अशीच निवडलेली. आता आकडे. दोन्ही चाचण्यांना हजर असलेली मुलं 23. तीन मुलं एकीला ना एकीला गैरहजर होती, त्यातली दोन ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांबरोबर होती. तुलना फक्त या 23 जणांची करायची. जुलैत सर्वांची सरासरी आणि जानेवारीत हजर असलेल्यांची सरासरी, अशी तुलना केली तर आकडा फुगतो, कारण जास्त गैरहजर राहणारी मुलं बहुधा मागे पडलेली असतात.

23 पैकी जुलैत 7 मुलं रेषेच्या वर होती, जानेवारीत 15. पण ‘आठ मुलं पुढे गेली’ असं लिहू नका. नावं जुळवून पाहिल्यावर नऊ वर आली आणि एक खाली गेला असं दिसलं. तो एक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आजारपणामुळे शाळेत नव्हता. रेषेच्या खाली राहिलेल्या आठांपैकी पाच जण मधल्या शून्यावर अडतात, हा मुलगा त्यांच्यातच आहे. तिघांची उलटं वजा करण्याची सवय अजून सुटलेली नाही.

हे सगळं निवेदनात कसं उतरवायचं?

साधारण असं:

‘जुलैतील चाचणीत इयत्ता चौथीच्या बहुसंख्य मुलांचा मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याकडे कल दिसला (जोडपत्र 1). ऑगस्टपासून आठवड्यातून दोन तास दशकाच्या गठ्ठ्यांवर काम केले, त्यानंतर चित्रे व शेवटी अंक असा क्रम ठेवला (टाचणवही, जोडपत्र 2). दोन्ही चाचण्यांना उपस्थित 23 मुलांपैकी दहापैकी किमान सहा उदाहरणे बरोबर सोडवणारी मुले जुलैत 7 होती, जानेवारीत 15 झाली. नऊ मुले या पातळीवर आली, एक मुलगा दीर्घ अनुपस्थितीनंतर मागे गेला. हजेरी क्रमांक 4, 11 व 20 यांच्या वह्यांतील जुलै, ऑक्टोबर व जानेवारीची पाने जोडली आहेत (जोडपत्र 3). क्रमांक 20 ची वही अपेक्षित प्रगती दाखवत नाही. पाच मुलांना मधे शून्य असलेली वजाबाकी अद्याप जमत नाही. त्यांच्यासाठी फेब्रुवारीपासून शतकाचा मोठा गठ्ठा सोडण्याचा सराव सुरू केला आहे.’

या उताऱ्यात मिरवणारं विशेषण एकही नाही. ‘दीर्घ’ आहे, पण तेही हजेरीपटावर तपासता येतं. ‘प्रभावी’, ‘उत्कृष्ट’, ‘आनंददायी’ हे शब्द नाहीत. ते लिहायचे असतील तर मुख्याध्यापकांनी लिहावेत. आणि जिथे ‘कल दिसला’ एवढंच म्हणता येतं तिथे तेवढंच म्हटलं आहे.

पाठ निरीक्षणाचा शेरा पुरावा म्हणून चालतो का? आमच्या शेरेवहीत ‘पाठ चांगला झाला’ एवढंच असतं.

तेवढ्यावर काहीच उभं राहत नाही. ‘पाठ चांगला झाला, साहित्याचा योग्य वापर, मुलांचा सहभाग उत्तम’ हे निरीक्षकाचं मत झालं. पुरावा व्हायला त्यांनी काय पाहिलं ते लिहिलेलं हवं. ‘सहभाग उत्तम’ याऐवजी ‘वीस मिनिटांत शिक्षकांनी 11 प्रश्न विचारले, त्यांपैकी 9 ची उत्तरं पहिल्या दोन रांगांतून आली’ असं लिहिलेलं असेल तर तो पुरावा. तो तुमच्या बाजूचा नसला तरी पुरावाच.

आता गंमत अशी की असा शेरा मिळवण्याची किल्ली बऱ्याच अंशी तुमच्याच हाती असते. पाठाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगा: ‘सर, उद्या एवढंच बघाल का, मी कोणाकोणाला प्रश्न विचारतो ते? वर्गाचा आराखडा काढून देतो, तुम्ही फक्त खुणा करा.’ एकच गोष्ट पाहायला सांगितली की निरीक्षकाचं कामही सोपं होतं. ‘सगळं बघून शेरा द्या’ म्हटलं की माणूस हमखास विशेषणांकडे वळतो. तास संपल्यावर तो आराखडा दोघांनी पाहायचा, खाली तारीख आणि सही, आणि एक छायाप्रत स्वतःकडे.

वरच्या उदाहरणात समजा ऑगस्टच्या पाठात मागच्या रांगांकडे फक्त दोन प्रश्न गेले. मग तुम्ही पद्धत बदललीत. आधी सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं, पाट्या वर करायच्या, आणि मग तुम्ही नाव घ्यायचं. डिसेंबरच्या पाठात 14 प्रश्नांपैकी 6 उत्तरं मागच्या रांगांतून आली. हा झाला शिकवण्याच्या पद्धतीबद्दलचा दुसरा दावा, दोन सह्या केलेल्या आराखड्यांसह. मात्र दोन तास म्हणजे वर्ष नव्हे. ‘मी सर्व मुलांना समान संधी देतो’ असं दोन तासांवरून लिहिता येत नाही. ‘निरीक्षण झालेल्या दोन पाठांत असा फरक दिसला’ एवढंच लिहिता येतं, आणि तेवढं पुरतं.

निरीक्षक मिळतच नसेल, उदाहरणार्थ द्विशिक्षकी शाळेत, तर सहकारी शिक्षकांनाही हेच काम करता येतं. तुमचा तास ते पाहतील, त्यांचा तुम्ही. तेवढा वेळ दुसरा वर्ग कोण सांभाळणार हा प्रश्न खराच आहे. म्हणून पूर्ण तासाचा हट्ट सोडून पंधरा-वीस मिनिटांचं निरीक्षण करावं.

पायाभूत चाचणी आणि संकलित चाचणीचे गुण लावून प्रगती दाखवली तर?

सावध राहा. पायाभूत चाचणी आधीच्या इयत्तेत शिकलेल्या गोष्टी तपासते, संकलित चाचणी या वर्षी शिकवलेल्या. दोन्ही पेपर वेगळे, अवघडपणा वेगळा. पायाभूतला वर्गाची सरासरी 45 टक्के आणि संकलित एकला 60 टक्के आली म्हणून पंधरा टक्के प्रगती झाली असं होत नाही. उलट सरासरी घसरली म्हणून तुमचं काम वाईट असंही होत नाही.

या चाचण्यांचा खरा उपयोग प्रश्ननिहाय पाहण्यात आहे. एकूण गुण बाजूला ठेवा. वजाबाकीचे प्रश्न कोणते होते, त्यांत कोणाच्या काय चुका झाल्या हे काढा. चाचणी बाहेरून आलेली असते, त्यामुळे तुम्ही स्वतः घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष तिच्यातही दिसला तर दाव्याला बळ मिळतं. न दिसला तर का, याचा विचार करून तेही एका वाक्यात लिहा.

वर्षभर काहीच जपून ठेवलं नाही आणि आता मार्च आला. काय करू?

आपण समजतो त्याहून जास्त पुरावा शाळेत पडून असतो. वर्गपाठाच्या आणि गृहपाठाच्या वह्यांवर तारखा असतात. आकारिक मूल्यमापनाच्या उत्तरपत्रिका बहुधा कपाटात असतात. वर्णनात्मक नोंदी असतात, अर्थात त्या दर महिन्याला ‘गणितात रुची दाखवतो’ अशा नसतील तर. शाळेची शेरेवही, पालकभेटींची वही, केंद्राच्या शिक्षण परिषदेची टिपणंही असतात.

उलट्या क्रमाने जा. आधी पुरावा काय सापडतो ते पाहा आणि मग त्याला पेलेल एवढाच दावा करा. सप्टेंबरची आकारिक चाचणी आणि फेब्रुवारीची वही हाती असेल तर सप्टेंबर ते फेब्रुवारी एवढंच बोला. पट 26 असून सहाच मुलांच्या उत्तरपत्रिका सापडल्या तर ‘सहा मुलांच्या कामात’ असं लिहा.

मागची तारीख टाकून नवी नोंद करू नका. नैतिकतेचा प्रश्न सोडला तरी ते उघडं पडतं. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या आठ महिन्यांच्या नोंदी दिसतात तशाच दिसतात. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती हेही कधीकधी निघतं.

जे जमलं नाही ते स्वतःहून लिहायचं? ते माझ्याच विरोधात वापरलं जाणार नाही?

हा प्रश्न आवाज खाली करून विचारला जातो, आणि त्यामागची भीती खोटी नाही. ‘स्वतःच कबूल केलंय’ म्हणून बोट ठेवणारे वरिष्ठ असतात.

तरीही लिहा, पण उणीव कशी लिहिता याकडे लक्ष द्या. ‘अप्रगत मुलांकडे पुरेसं लक्ष देता आलं नाही’ हे वाक्य खरोखरच तुमच्या विरोधात जातं, कारण त्यात मुलं किती, अडचण कोणती, पुढे काय, यातलं काहीच नाही. वरच्या उताऱ्यातलं ‘पाच मुलांना मधे शून्य असलेली वजाबाकी जमत नाही, फेब्रुवारीपासून हा सराव सुरू आहे’ हे वाक्य निदान आहे. त्यावर बोट ठेवणाऱ्याला ‘मग तुम्ही काय सुचवता?’ असं विचारता येतं.

उणीव त्याच दाव्याच्या शेजारी ठेवा. शेवटी ‘उणिवा’ असं वेगळं शीर्षक करून पाच ओळींत त्यांची माळ लावली की वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढीच राहते.

निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं यांत दिवस गेले. ते कुठे लिहू?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना देता येतात, त्यामुळे ती टळत नाहीत. ती परिस्थिती म्हणून एका ओळीत लिहा, आदेशाचा क्रमांक आणि दिवस देऊन. ‘या कालावधीत गठ्ठ्यांच्या सरावाचे सहा तास झाले नाहीत’ असा थेट संबंध दाखवता आला तर ती ओळ कामाची. नुसती तक्रार म्हणून लिहिलेला परिच्छेद कोणी वाचत नाही, कारण तो प्रत्येकाच्याच निवेदनात असतो.

नमुन्यात आठच ओळींची जागा आहे.

मग आठ ओळींत दावे लिहा आणि पुरावे जोडपत्रांत ठेवा. प्रत्येक जोडपत्राच्या उजव्या कोपऱ्यात क्रमांक, आणि वरती एका ओळीत ते काय आहे आणि वाचणाऱ्याने त्यात नेमकं काय पाहायचं ते. ‘हजेरी क्र. 11, जुलै व जानेवारी. 52 − 28 आणि 71 − 35 पाहावे.’ ही ओळ नसेल तर वहीची छायाप्रत म्हणजे नुसता कागद. जोडपत्रं पाच-सहाच्या वर जाऊ देऊ नका. जाडजूड फाइल कोणी उघडत नाही. ती टेबलावर ठेवल्याचं समाधान मात्र मिळतं.

मुलांची नावं आणि फोटो?

हजेरी क्रमांक पुरतो. छायाप्रत काढताना वहीवरचं नाव झाका. दिव्यांग मुलाच्या प्रगतीबद्दल लिहायचं असेल तर अपंगत्वाचा प्रकार लिहिण्याची बहुधा गरज नसते. काय जमत नव्हतं आणि आता काय जमतं, एवढं पुरेसं. उपक्रमाचे गटफोटो जोडू नयेत. मुलं रांगेत बसून हसताहेत यावरून शिकण्याबद्दल काही कळत नाही.

कला, क्रीडा किंवा कार्यानुभव शिकवणाऱ्यांनी काय करायचं? वह्याच नसतात.

तारखेसह नोंद हाच पुरावा. खो-खोच्या शिक्षकांनी जूनमध्ये खांबावर वळताना किती मुलं तोल जाऊन पडतात हे मोजून ठेवलं आणि डिसेंबरला पुन्हा मोजलं, तर वहीची गरजच काय? चित्रकलेत तर जूनचं आणि मार्चचं चित्र शेजारी ठेवता येतं, तेही त्याच विषयाचं. मात्र दुसऱ्या चित्रावर तुमचा हात फिरलेला नसावा.

मुख्याध्यापकांनी निवेदन बाजूला ठेवून वेगळीच प्रतवारी दिली तर?

आधी नोंद लेखी मिळवा. गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, फक्त प्रतिकूलच नव्हे, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त खटल्यात सरकारी सेवकांच्या संदर्भात सांगितलं आहे. खाजगी अनुदानित शाळेत असाल तर 1981 ची नियमावली काढून गोपनीय अहवालाचा नियम वाचा आणि त्याप्रमाणे मुदतीत निवेदन द्या. मुदतीचे दिवस नोंद मिळाल्यापासून मोजले जातात, म्हणून पोहोच देताना सहीखाली तारीख टाकायला विसरू नका.

त्या अर्जात सेवेची वर्षं, मिळालेले सत्कार, निकालाची टक्केवारी हे सगळं आणण्याचा मोह टाळा. ज्या नोंदीवर आक्षेप आहे ती जशीच्या तशी उतरवा आणि तिच्यासमोर जोडपत्र ठेवा. ‘अध्यापनात नियोजनाचा अभाव’ अशी नोंद असेल तर जोडपत्र 2, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरचं टाचण. ‘विद्यार्थ्यांचा सहभाग कमी’ अशी असेल तर सह्या असलेले दोन आराखडे. त्यांपैकी डिसेंबरच्या आराखड्यावर मुख्याध्यापकांचीच सही असेल तर बहुतेक वेळा बोलणं तिथेच, त्यांच्या खोलीत, संपतं आणि अर्ज वर पाठवावा लागत नाही.